सिनॉप्सिसमधलं वेळापत्रक आणि अंदाजपत्रक: या चुका टाळा

यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी कोर्सवर्कसह तीन वर्षांचा आहे. कोर्सवर्क आणि विषयाची मान्यता यांत पहिलं वर्ष गेलं, की प्रत्यक्ष संशोधनाला दोन वर्षं उरतात. म्हणून बहुतेक सिनॉप्सिसच्या शेवटी दोन वर्षांचा एक तक्ता असतो. पहिले सहा महिने साहित्याचा आढावा, पुढचे सहा माहिती संकलन, मग सहा विश्लेषण, शेवटचे सहा लेखन. त्याखाली खर्चाच्या तीन ओळी: प्रवास २० हजार, स्टेशनरी १० हजार, इतर २० हजार. विषय कोणताही असो, तक्ता हाच. सिनॉप्सिसला मान्यता देणाऱ्या समितीत, म्हणजे आरआरसीत, कुणी विचारलं, ‘हे २० हजार आले कुठून?’ की विद्यार्थी गाइडकडे बघतो आणि गाइड खिडकीकडे.

या तक्त्यात नेमकं काय बिघडतं, ते एका विषयावरून बघू. विषय आहे ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांचं शिक्षण. बीड जिल्ह्यातल्या धारूर आणि वडवणी तालुक्यांतली बारा गावं घ्यायची आणि प्रत्येक कुटुंबाला दोनदा भेटायचं: कारखान्याला जाण्याआधी एकदा, परतल्यावर पुन्हा. मधल्या काळात मुलाची शाळा सुटली का, सुटली तर किती दिवस, हे त्यातून मोजायचं. काम सुरू होणार जुलै २०२६ मध्ये.

पहिली चूक: ‘महिना १ ते ६’ असं लिहिणं

नुसते आकडे लिहिले की महिना कुठला ते कळत नाही. वरच्या तक्त्याप्रमाणे माहिती संकलन सातव्या महिन्यात, म्हणजे जानेवारीत सुरू होतं. जानेवारीत गावात म्हातारी माणसं, त्यांच्याकडे ठेवलेली काही लेकरं आणि कुलूप लावलेली घरं असतात. ज्यांना प्रश्न विचारायचे ती माणसं तेव्हा कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतात. आरआरसीची तारीख तीन महिने पुढे गेली, तर हाच सातवा महिना एप्रिलमध्ये येतो आणि तोवर माणसं परतूनही आलेली असतात; जाण्याआधीची फेरी घेताच येत नाही.

तेव्हा आधी क्षेत्राचं कॅलेंडर काढा, मग आपलं. इथे पहिल्या फेरीची खिडकी, म्हणजे ती घेता येईल असा काळ, सप्टेंबरपासून कुटुंबं निघेपर्यंत आहे. निघणं अवलंबून असतं गाळप हंगामावर आणि त्याची तारीख दरवर्षी मंत्री समितीच्या बैठकीत ठरते. २०२२ साली ती १५ ऑक्टोबर होती, २०२३ला १ नोव्हेंबर आणि २०२४ला १५ नोव्हेंबर. खिडकी महिनाभर पुढेमागे सरकते, त्यामुळे नियोजन सगळ्यात लवकरच्या तारखेवर करायचं. आपल्या उदाहरणात पहिली फेरी १० ऑक्टोबरला संपलीच पाहिजे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे दसरा २० ऑक्टोबरला आहे. ‘सगळे दसरा करूनच निघतील’ या भरवशावर राहू नये; मुकादमाचा निरोप आला की टोळी निघते.

तारीख अशी मागून बांधली की पुढचं आपोआप उलगडतं. सप्टेंबरला फेरी सुरू करायची तर प्रश्नावली, नैतिकता समितीची मान्यता, शाळांतली हजेरी बघण्यासाठी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची परवानगी आणि वीसेक कुटुंबांवरची चाचणी हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये उरकायला हवं. दोन महिन्यांत परवानग्या मिळतीलच असं नाही. अर्ज कोर्सवर्क चालू असतानाच तयार ठेवा. साहित्याचा आढावाही तेव्हाच बराचसा व्हायला हवा. तो पहिले सहा महिने स्वतंत्रपणे धरला, तर त्याच सहा महिन्यांत खिडकी बंद होते.

दुसरी चूक: महिन्याचे तीस दिवस धरणं

१ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर हे कागदावर चाळीस दिवस. त्यातून गौरी-गणपतीचे दिवस काढा. या काळात मराठवाड्यात पाऊस जोराचा पडतो. ओढ्याला पाणी आलं की वाडी-तांड्यावर गाडी जात नाही. सोयाबीनची काढणी याच दिवसांत येते आणि दिवसभर घरात कुणी नसतं. हातात पंचवीस दिवस उरले तर चांगलं.

एका मुलाखतीला पन्नास मिनिटं लागतात. माणसं शेतातून सहाच्या पुढे परततात, सकाळी आठच्या आत निघतात. एका संशोधकाच्या दिवसाला चार मुलाखती झाल्या तर भरपूर झाल्या. म्हणजे एकट्याने पंचवीस दिवसांत शंभर कुटुंबं. सिनॉप्सिसमध्ये मात्र ‘नमुना: ३०० कुटुंबं, संकलन: संशोधक स्वतः’ असं लिहिलेलं असतं. हे जमणारं नाही, आणि ते समितीला तिथल्या तिथे तोंडी हिशोबाने कळतं.

इथे दोनच मार्ग आहेत: नमुना कमी करा किंवा माणसं वाढवा. आपण दोन मदतनीस घेऊ. तिघांचे दिवसाला बारा फॉर्म, पंचवीस दिवसांत तीनशे. पण सिनॉप्सिसमध्ये २४० लिहायचे, प्रत्येक गावातली वीस कुटुंबं. त्याला वीस दिवस लागतात आणि पाच दिवस पावसासाठी शिल्लक राहतात. मदतनीसांत एक तरी बाई हवी. उचल किती घेतली हे पुरुष सांगतो, पण मुलीला तळावर का नेलं याचं उत्तर आईकडे असतं आणि ती ते परक्या पुरुषापुढे सांगेलच असं नाही.

नियोजन फसतंय का, हे पाचव्या दिवशी कळतं. तोवर साठ फॉर्म व्हायला हवेत. पंचेचाळीसच झाले असतील, तर रोजचा वेग नऊचा आहे आणि पुढे तो वाढेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. तेव्हा उरलेल्या गावांत वीसऐवजी सोळा-सतरा कुटुंबं घ्या, पण गाव वगळू नका. दमल्यावर वगळलं जातं ते नेहमी लांबचं, रस्ता नसलेलं गाव, आणि शाळा सुटण्याचा प्रश्न बहुधा तिथेच जास्त असतो. निष्कर्ष तिथेच झुकतो.

दुसरी फेरी एप्रिल-मेमध्ये. कुटुंबं पाडव्याच्या आगेमागे परतू लागतात, काही अक्षय्य तृतीयेपर्यंत येतात. तेव्हा उन्हं चाळिशीपार असतात, काम सकाळ-संध्याकाळीच होतं आणि लग्नसराईत माणसं गावोगाव गेलेली असतात. दिवसाला तिघांचे नऊ फॉर्म धरा. २४० पैकी सगळे सापडणार नाहीत. २०० सापडतील असं धरून नियोजन करा आणि तसं सिनॉप्सिसमध्ये लिहा: पहिल्या फेरीत २४० घेतले ते दुसऱ्या फेरीत २०० उरावेत म्हणून. हे एक वाक्य असलं की नमुन्याच्या आकड्यावरचे निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत. नऊच्या वेगाने तेवीस दिवस लागतात.

खिडकी चुकली तर?

बहुतेक सिनॉप्सिसमध्ये याचं उत्तरच नसतं. सप्टेंबर २०२६ हुकला तर पुढची संधी सप्टेंबर २०२७. मग परतल्यानंतरची फेरी एप्रिल २०२८ला येते आणि जून २०२८ला दोन वर्षं संपतात. फॉर्म भरून झाल्यावर दोन महिन्यांत प्रबंध होत नाही. तेव्हा पर्याय आधीच लिहून ठेवायचा: पहिली फेरी हुकली, तर एप्रिल २०२७ मध्ये एकच फेरी होईल, गेल्या हंगामातली शाळेची उपस्थिती आईबापांना आठवून विचारली जाईल आणि ती शाळेच्या हजेरीपत्रकाशी ताडून पाहिली जाईल. अभ्यास थोडा दुबळा होतो, पण पूर्ण होतो. समितीला हा परिच्छेद कमकुवतपणाचा वाटेल अशी भीती अनेकांना वाटते. माझ्या मते त्यातूनच कळतं, की विद्यार्थ्याने गाव बघितलंय.

मधले महिने मोकळे नसतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये पहिल्या फेरीची डेटा एन्ट्री आणि तळावर जाऊन वीसेक सखोल मुलाखती. एका तासाचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला पाच-सहा तास जातात. कोपीबाहेर मागे ट्रॅक्टर चालू असेल तर जास्तच. वीस मुलाखती म्हणजे सव्वाशे तासांच्या घरात. रोज चार तास बसलात तर महिना. तक्त्यात या महिन्याची वेगळी ओळ हवी. शेवटी आणखी एक ओळ राहून जाते: गाइडला वाचायला लागणारा वेळ. पाच प्रकरणं, प्रत्येकी तीन आठवडे धरले तर पंधरा आठवडे होतात, आणि मार्च ते मे गाइड विद्यापीठाच्या परीक्षा व पेपर तपासणीत अडकलेले असतात. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरपासून एकेक प्रकरण त्यांच्याकडे जायला हवं.

अंदाजपत्रक वेळापत्रकातूनच निघतं

वेळापत्रक असं बांधलं की खर्चाचे आकडे शोधावे लागत नाहीत. दर गुणिले माणसं गुणिले दिवस, बस. फेऱ्यांचे दिवस वीस आणि तेवीस, एकूण त्रेचाळीस. मदतनीसांच्या प्रशिक्षणाचे दोन दिवस मिळवले की पंचेचाळीस. दिवसाला ६०० रुपये धरले तर दोघांचं मानधन ५४ हजार होतं. मूळ तक्त्यात मानधनाची ओळच नव्हती आणि खरा खर्च तिथेच आहे. बीडला राहून रोज जाऊन-येऊन ९० किलोमीटर पडतं. मोटारसायकलला पेट्रोल आणि किरकोळ दुरुस्ती मिळून २५० रुपये, दोन गाड्या, त्रेचाळीस दिवस: २१,५००. तिघांचं चहा-जेवण माणशी १५० रुपयांनी १९,३५०. तळावरच्या दहा दिवसांना प्रवास, लॉज आणि जेवण धरून १६ हजार. आठ पानी फॉर्मच्या चाचणीसह ४८० प्रती, दीड रुपया पान, म्हणजे ५,७६०. प्रबंधाची छपाई-बांधणी ८ हजार. बेरीज १,२४,६१०. त्यावर दहा टक्के आकस्मिक खर्च धरला की आकडा १ लाख ३७ हजारांवर जातो. दर तुमच्या गावचे घाला, पण दर आणि दिवस दोन्ही लिहून दाखवा. ‘इतर’ नावाची ओळ काढून टाका. त्या ओळीतलं जे काही आहे त्याला नाव असतंच.

बेरीज जुळली म्हणजे काम झालं असं नाही. हा खर्च दोन वर्षांत सारखा वाटला जात नाही. पहिल्या फेरीतच, सहा आठवड्यांत, मानधन, पेट्रोल, जेवण आणि छपाई मिळून जवळपास पन्नास हजार रोख लागतात. फेलोशिप दर महिन्याच्या एक तारखेला येईल या हिशोबावर ही फेरी उभी करू नका. रक्कम थकते आणि मग एकदम येते. अंदाजपत्रकाशेजारी तिमाहीचा रकाना घाला आणि जुलै ते सप्टेंबरच्या रकान्यातले पैसे कुठून येणार तेही लिहा. उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर एक मदतनीस कमी करा आणि १६० कुटुंबं घ्या. दुसऱ्या फेरीत मग एकशे तीस-पस्तीस मिळतील. त्यातून तालुक्यांची तुलना घट्ट करता येणार नाही, एवढी मर्यादा सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट मांडा. पैशाअभावी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ध्यावर थांबलेल्या २४० पेक्षा हे १६० पुष्कळ बरे.