चेहरा नंतर बदलायचाय? मग शूटच्या आधी हे वाचा

गिरगावातल्या एका चाळीच्या जिन्यावरून पडण्याचा शॉट होता. पडणार डबल, नंतर कॉम्प्युटरवर त्याच्या जागी चेहरा लागणार हिरोचा. टेक ओके झाला, फाइट मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि दहा मिनिटांत ट्रॉली खाली अंगणात. क्लीन प्लेट राहिली. म्हणजे तोच कॅमेरा, तीच चाल, पण माणूस नसलेला रिकामा जिना, तो घेतलाच नाही. डबलचं डोकं हिरोपेक्षा रुंद निघालं. हिरोचा चेहरा बसवला की दोन्ही बाजूंनी डबलचे कान आणि जबड्याची कड डोकावायची. ती पुसायची तर तिच्यामागे काय होतं ते हवं, आणि मागे होती कठड्याच्या गजांची रांग, कॅमेऱ्याबरोबर सरकणारी. चार सेकंदांचा शॉट, 96 फ्रेम, कॉम्प्युटरवर पेंट करणाऱ्या पोराने एकेक गज हाताने रंगवला. माझ्याशी तो अजून नीट बोलत नाही.

म्हणून डबल निवडतानाच डोकं बघा. उंची-बांधा सगळेच बघतात. डोकं हिरोपेक्षा थोडं लहान असलं तर झाकलं जातं, मोठं असलं तर प्लेटशिवाय गत नाही. केसांचंही तेच: टोप एकसारखे हवेत.

डोकं कसं हललं ते नंतर पकडता यावं म्हणून डबलच्या चेहऱ्यावर ठिपके, म्हणजे डॉट लागतात. ते मेकअप दादांकडूनच लावून घ्या, पण कुठे ते तुम्ही दाखवा. कपाळ, कानशिलं, नाकाचं हाड, गालाची हाडं, म्हणजे जिथली कातडी बोलताना-ओरडताना फारशी हलत नाही अशा जागा. गालाच्या मऊ भागावरचा डॉट डोक्याबरोबर जात नाही, स्वतःच्या मनाने फिरतो, आणि मग बसवलेला चेहरा तरंगल्यासारखा दिसतो. दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका क्लोजअपला पुरतो. लांबून घेणार असाल तर मोठा करा, मॉनिटरवर दिसला पाहिजे. रांगोळीसारखे नेमके दोन्हीकडे सारखे लावू नका, डोकं वळलं की कुठला कुठला कळत नाही. वॉटरप्रूफ पेन्सिल घ्या, कारण मुंबईत दुसऱ्या टेकपर्यंत घामाने ठिपके ओघळतात. लावल्या लावल्या समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. पुसलेला ठिपका अंदाजाने पुन्हा लावला तर टेकागणिक चेहऱ्याचा नकाशाच बदलतो.

आता क्लीन प्लेट. ओके टेकच्या लगेच नंतर घ्यायची. जेवणानंतर नाही, ‘पुढचा सेटअप करून येतो’ म्हणून नाही. पावसाळ्यात गिरगावचं ऊन पाच मिनिटांत जातं आणि मग गजांच्या सावल्याच जुळत नाहीत. फक्त डबलने फ्रेमबाहेर जायचं. दोरीवरचे कपडे, कुंडी, दारातल्या चपला यांना कुणी हात लावायचा नाही (आमचे आर्टवाले शॉट संपला की आवरायला धावतात, त्यांना आधीच सांगा). लेन्स, स्टॉप, शटर जसंच्या तसं. फोकस तर अजिबात हलवायचा नाही. समोर माणूस नाही म्हणून फोकस पुलर सवयीने मागच्या भिंतीवर जातो, मग प्लेटमधले गज धारदार आणि टेकमधले गज धूसर. ट्रॉलीची चाल तशीच पुन्हा करा, जरा सावकाश चालेल, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण वाट झाली पाहिजे. चाल केसभर चुकली तरी नंतर सरकवून बसवता येते. जे शूटच केलं नाही ते बसवता येत नाही. क्लॅपवर ‘क्लीन प्लेट’ लिहा, नाहीतर एडिटमध्ये रिकामा शॉट बघून कुणीतरी बाजूला टाकतो. आणि असिस्टंट डायरेक्टरशी सकाळीच ठरवून ठेवा: प्लेट झाल्याशिवाय कॅमेरा हलणार नाही. कॉलशीटमध्ये प्रत्येक शॉटसमोर ‘प्लेट, 5 मिनिटं’ असं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं शिफ्टच्या अकराव्या तासाला कुणालाही आठवत नाही. मला आठवलं नव्हतं.

प्लेट झाली की डबलच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी गोळा आणि चकचकीत गोळा धरून थोडं शूट करा, उजेड कुठून येत होता ते त्यात दिसतं. टेप लावून कॅमेऱ्याची उंची, तिरकेपणा, चेहऱ्यापर्यंतचं अंतर लिहा. झूम असेल तर नेमका किती मिलिमीटरवर होता तेही.

हिरोचा चेहरा नंतर स्टुडिओत घ्याल, तेव्हा हेच आकडे लागतात. तीच लेन्स, तेच अंतर. जवळून रुंद लेन्सने घेतलेलं नाक लांबच्या शॉटमध्ये बसत नाही, कितीही लहान करा. ओके टेक मॉनिटरवर लावून ठेवा, हिरोने त्याच वेगाने मान वळवायची. उजेड त्याच बाजूने. त्यालाही डॉट.

कार्डाच्या दोन कॉपी. प्लेट कॉपी झाली का, उघडून बघा.