बाहेरचा कॅमेरा घेताना आयपी आकडा वाचण्यातल्या या चुका टाळा

कॅमेऱ्यावर छापलेला आयपी आकडा तो धूळ आणि पाणी किती अडवतो ते सांगतो. आयपी ६७ हा आयपी ६६ पेक्षा एका पायरीने वरचा, असे समजून अनेकजण पावसासाठी ६७ चा कॅमेरा मागतात. पण हे दोन अंक सुटे वाचायचे असतात: पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसऱ्या जागी ६ असेल, तर कॅमेऱ्यावर मिनिटाला सुमारे १०० लिटर पाण्याचा जोरदार फवारा मारून तो तपासलेला असतो. ७ असेल, तर एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास बुडवून. बुडवण्याच्या चाचणीत उतरलेला कॅमेरा फवाऱ्यातही टिकेल, असे मानकात गृहीत धरलेले नाही. इगतपुरी किंवा त्र्यंबकेश्वरच्या वाऱ्यासह येणाऱ्या आडव्या पावसात भिंतीवरचा कॅमेरा बुडत नाही, त्याच्यावर मारा होतो. म्हणून तिथे आयपी ६६, किंवा ६६ आणि ६७ असे दोन्ही आकडे छापलेला कॅमेराच घ्यावा.

धुळीच्या बाबतीत ५ म्हणजे थोडी धूळ आत जाऊ शकते, पण कामात अडथळा येण्याइतकी नाही. ६ म्हणजे धूळ आत जातच नाही. नाशिकच्या परिसरातल्या खडी क्रशरवर ६ ला पर्याय नाही. तरीही तिथे रात्रीचे चित्र पांढरे, धुरकट दिसू लागले, की कॅमेऱ्यात धूळ शिरली अशी तक्रार येते. बहुतेक वेळा धूळ काचेच्या बाहेर बसलेली असते आणि कॅमेऱ्याच्याच इन्फ्रारेड दिव्यांचा प्रकाश तिच्यावरून परत लेन्समध्ये येतो. काच आधी पाण्याने धुऊन मग मऊ कापडाने पुसावी, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. चित्र स्वच्छ झाले, तर कॅमेऱ्यात दोष नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र आकड्याबाहेरची आहे. आयपीचा आकडा कॅमेऱ्याच्या बंद बॉडीला लागू असतो. मागून निघणाऱ्या वायरच्या टोकाचा नेटवर्कचा जोड, सोबतची रबरी टोपी नीट बसवली नाही तर, उघडाच राहतो. इगतपुरीकडच्या एखाद्या गोदामाचा, नेटवर्कच्या वायरमधूनच वीज घेणारा कॅमेरा घ्या. दिवसभर तो नीट चालतो, पण पाऊस लागल्यावर अंधार पडताच पुन्हापुन्हा बंद होऊन सुरू होतो. इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज ओढतो आणि गंजलेल्या जोडातून ती पुरत नाही. जोड उघडून पाहिला, तर पिनांवर हिरवट थर दिसतो. असा जोड पुसून भागत नाही. वायरकडचे टोक कापून नवे बसवावे लागते, आणि कॅमेऱ्याकडच्या पिना खराब असतील तर ती वायरही बदलावी लागते.

त्यानंतर जोड बंद जंक्शन बॉक्समध्ये ठेवावा, वायर तिच्याभोवती घट्ट बसणाऱ्या ग्लँडमधून खालच्या बाजूनेच आत घ्यावी आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते.