बातमीत 'स्टॅगफ्लेशन' वाचताना या चुका टाळा

२८ जुलै २०२२ रोजी अमेरिकेचे जीडीपीचे आकडे आले. सलग दुसऱ्या तिमाहीत घट आणि महागाई ९.१ टक्के, म्हणजे चाळीस वर्षांतली सर्वाधिक. 'स्टॅगफ्लेशन आलं' असं अनेकांनी तेव्हाच ठरवून टाकलं. ही बातमी वाचताना झालेल्या चुका आजही तशाच होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बेरोजगारीचा आकडा न बघणं. स्टॅगफ्लेशन म्हणजे मंदीयुक्त चलनवाढ: भाव चढत असतात, उत्पादन अडखळलेलं असतं आणि लोकांच्या नोकऱ्याही जात असतात. २०२२ च्या त्या जूनमध्ये अमेरिकेतली बेरोजगारी होती फक्त ३.६ टक्के. उलट दुकानदार आणि कारखानदार माणसं मिळत नाहीत म्हणून ओरडत होते. याउलट मे १९७५ बघा. १९७३ च्या तेलबंदीनंतर काही महिन्यांतच कच्चं तेल पिंपामागे तीन डॉलरच्या आसपासून बाराच्या घरात गेलेलं, कारखाने मंदावलेले, बेरोजगारी ९ टक्के आणि महागाईही ९ टक्क्यांच्या वर. खरं स्टॅगफ्लेशन ते.

दुसरी चूक आपल्याकडच्या वाचकाची हमखास होते. २०२२ च्या त्या दुसऱ्या तिमाहीत जीडीपी 'उणे ०.९ टक्के' असल्याचं छापून आलं. अमेरिकेत तिमाहीतला बदल वर्षभर याच वेगाने चालला तर किती होईल, असा फुगवून सांगतात. प्रत्यक्षात आधीच्या तिमाहीपेक्षा घट होती जेमतेम पाव टक्का. भारताचा आकडा मात्र गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करून येतो. तसं मोजलं तर अमेरिकेची अर्थव्यवस्था तेव्हाही वाढलेलीच होती. शिवाय हे पहिले अंदाज असतात. ती घट पुढे सुधारित आकड्यांत पुसली गेली, पण तोवर मथळा कुणाच्या लक्षात राहणार!

'स्टॅगफ्लेशनचं सावट' हा शब्दप्रयोगही नीट वाचावा. सावट म्हणजे कुणाचा तरी अंदाज, घडलेली गोष्ट नव्हे.

आणि 'मग व्याजदर कमी करा की' ही प्रतिक्रिया घाईची आहे. साध्या मंदीत तो उपाय चालतो. इथे दर कमी केले तर महागाई भडकते, वाढवले तर आणखी नोकऱ्या जातात. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हचे, म्हणजेच 'फेड'चे, तेव्हाचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी १९८०-८१ मध्ये दर २० टक्क्यांच्या आसपास नेले. महागाई उतरली, पण १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली होती. त्यामुळे बातमीत स्टॅगफ्लेशन दिसलं की त्यापुढे रिझर्व्ह बँक किंवा फेड काय करणार आहे, तो परिच्छेद आधी शोधा. महागाई आणि नोकऱ्या यांपैकी कशाला आधी हात घालायचा ठरलंय, ते तिथे कळतं.