या चुका टाळा : सूचितार्थ, फलित आणि पूर्वगृहीत ओळखताना ‘नाही’ कुठं लागतं ते बघा

“जेवलात का, मामा?” “आत्ताच चहा झाला.” मामा जेवणार नाहीत, हे आपण ऐकतो, पण ते तसं बोललेले नाहीत. “आत्ताच चहा झाला, पण वाढा, जेवतो की,” असं ते त्याच दमात म्हणू शकतात. असा मागं घेता येणारा अर्थ म्हणजे संवादातला सूचितार्थ. ही कल्पना तत्त्वज्ञ पॉल ग्राइसनं मांडली आणि रद्द होण्याची कसोटीही त्याचीच. कसोटी सोपी वाटते, पण वर्गात दरवर्षी गोंधळ होतो. बहुतेक वेळा तो नकारामुळं होतो.

लातूरच्या बाजाराला शोभेल असं एक वाक्य घेऊ. दामूअण्णांच्या घरात सोयाबीनची वीस पोती आहेत, आणि शेजारी सांगतो :

“दामूअण्णांनी पुन्हा काही पोती आडतीवर घातली.”

यात तीन अर्थ आहेत. आडतीवर माल गेला, हे फलित : वाक्य खरं असेल तर तेही खरं असलंच पाहिजे. याआधीही त्यांनी पोती घातली होती, हे ‘पुन्हा’मुळं आलेलं पूर्वगृहीत : बोलणारा ते आधीच धरून चालतो. आणि वीसच्या वीस गेली नाहीत, हा ‘काही’मुळं सुचलेला अर्थ, म्हणजे सूचितार्थ.

पहिली चूक म्हणजे दुरुस्तीला रद्द करणं समजणं. “काही पोती घातली, किंबहुना सगळीच घातली” हे निर्धास्त म्हणता येतं, बोललेलं काहीच मागं घ्यावं लागत नाही. “काही पोती घातली, पण आडतीवर एकही पोतं गेलं नाही” म्हणायचं तर मध्ये “थांबा, चुकलो” घालावं लागतं. तो शब्द लागला की समजायचं, अर्थ रद्द झाला नाही, विधानच मोडलं. (‘काही’ऐवजी ‘थोडी’ टाकून बघा. “थोडी पोती घातली, किंबहुना सगळीच” हे कानाला खटकतं. दोन्ही शब्द सारखे समजून उदाहरण बदललं की उत्तरही बदलतं.)

खरी फसगत दुसऱ्या कसोटीत, म्हणजे प्रक्षेपणात होते. वाक्याला नकार, प्रश्न किंवा ‘तर’ जोडला तरी जो अर्थ टिकतो तो पूर्वगृहीत, असा तिचा हिशेब आहे. विद्यार्थी क्रियापद नकारी करून मोकळा होतो : “दामूअण्णांनी पुन्हा काही पोती घातली नाहीत.” मग वाचतो, काही पोती मागं राहिली, म्हणजे ‘सगळी गेली नाहीत’ हा अर्थ नकारातही टिकला, म्हणून तो पूर्वगृहीत! एका उत्तरपत्रिकेत हे इतक्या ठामपणे मांडलं होतं की तपासताना मीही क्षणभर अडकलो.

झालं असं, की मराठीत ‘काही’ सहसा नकाराच्या बाहेर जातो. “काही पोती घातली नाहीत” म्हणजे अशी काही पोती आहेत, जी घातली गेली नाहीत. मूळ वाक्याचा नकार झालाच नाही, वेगळंच विधान तयार झालं. त्यात ‘सगळी गेली नाहीत’ हे सरळ फलित आहे. म्हणून क्रियापदाला हात न लावता वाक्य आख्खं गुंडाळा : “दामूअण्णांनी पुन्हा काही पोती घातली, असं नाही.” शिवाय दोन वेष्टनं आणखी लावा :

“दामूअण्णांनी पुन्हा काही पोती घातली का?”
“पुन्हा काही पोती घातली असतील, तर दुकानाची उधारी फिटेल.”

आता बघा. तिन्हीत आधी माल गेला होता, हे ऐकणारा धरूनच चालतो. माल आत्ता गेला, हे एकातही ठरत नाही, म्हणून ते फलित. आणि ‘सगळी नाहीत’ गळून पडतं : वीसही पोती गेली, तर उधारी फिटेलच की.

तिसरी चूक याच्या उलटी आहे. “पुन्हा घातली असं नाही, आधी कधी घातलीच नव्हती,” हे बोलता येतं. ते ऐकून काही जण म्हणतात, पूर्वगृहीत रद्द झालं, म्हणजे तो सूचितार्थ. नाही. नकाराखाली पूर्वगृहीत मागं घेता येतं. साध्या होकारी वाक्यात तो मार्ग नाही : “पुन्हा पोती घातली, आधी कधीच घातली नव्हती” हे चालत नाही. म्हणून रद्द करण्याची कसोटी आधी होकारी वाक्यावर लावा, प्रक्षेपण नंतर.

‘तर’चं वेष्टन मात्र जपून निवडा. “दामूअण्णांनी मागं माल घातला असेल, तर आता पुन्हा घातला असेल,” यात पूर्वगृहीत वर येत नाही, कारण पहिल्या भागानं तेच अट म्हणून मांडलंय. भाषावैज्ञानिक लॉरी कार्टुनेननं 1973 मध्ये अशा जोडण्यांना ‘गाळणी’ म्हटलं. इथं अर्थ टिकला नाही म्हणून ‘पुन्हा’ला सूचितार्थाच्या खात्यात टाकू नका. उधारीसारखी, मागच्या मालाशी संबंध नसलेली गोष्ट जोडून वाक्य पुन्हा तपासा.