सोन्याच्या बातमीतले बुलिश, बेअरिश, कन्सॉलिडेशन, ब्रेकआउट कसे वाचावे

२०२४ च्या सुरुवातीला सोन्याच्या बातम्यांत साधारण अशा आशयाचं वाक्य रोज असायचं: ‘सोनं कन्सॉलिडेशनमध्ये, २,०८० डॉलरवर ब्रेकआउट मिळाल्यास कल बुलिश, १,९८० खाली बेअरिश.’ हे वाचून झवेरी बाजारात अंगठी घ्यायला निघालेल्या माणसाला काय कळणार? शब्द अवघड नाहीत. अडचण एवढीच की लिहिणारा तीन गोष्टी गृहीत धरतो आणि सांगत नाही: भाव कुठला, मुदत किती आणि कुठल्या आकड्याला महत्त्व आहे. हे वाक्य पायरीपायरीने उलगडू.

आधी भाव कुठला ते बघा

दोन हजारांच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे आकडे ‘डॉलर’ म्हणून दिलेले असतील तर तो एका औंसाचा जागतिक भाव. सोन्याचा औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, स्वयंपाकाच्या मापातला २८ ग्रॅमचा औंस वेगळा. रुपयांतला भाव आपल्याकडे १० ग्रॅमचा सांगतात. त्यातही एमसीएक्स या वायदे बाजारातला भाव हा वायद्याचा, म्हणजे पुढच्या ठरलेल्या महिन्याच्या सौद्याचा. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन, ज्याला बाजारात सगळे ‘इब्जा’ म्हणतात, त्यांचा दर हजर सोन्याचा. इब्जाच्या दरात जीएसटी आणि घडणावळ धरलेली नसते.

एकदा स्वतः हिशेब केला की हा गोंधळ कायमचा जातो. समजा भाव २,०८० डॉलर आणि डॉलर ८३ रुपये, म्हणजे मार्च २०२४ च्या आसपासची स्थिती. २,०८० ला ३१.१ ने भागा, १० ने गुणा, मग ८३ ने गुणा. साधारण ५५,५०० रुपये येतात. तेव्हा आयात शुल्क १५ टक्के होतं, ते चढवलं की ६३,८०० च्या आसपास. वायदा बाजारातला भावही त्याच घरात होता. त्यावर तीन टक्के जीएसटी धरला की ६५,७००, आणि घडणावळ निराळी. दुकानातला आकडा बातमीतल्या आकड्याशी जुळत नाही ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

बुलिश आणि बेअरिश: कोणासाठी, किती काळासाठी

बुलिश म्हणजे भाव वर जाईल असा कल किंवा अंदाज, आपल्या जुन्या भाषेत तेजी. बेअरिश म्हणजे मंदीचा कल. हे दोन्ही शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि तिथेच नवखा माणूस फसतो. एक अर्थ झालेल्या गोष्टीचा. भावाचं प्रत्येक शिखर आधीच्या शिखरापेक्षा वर आणि प्रत्येक घसरणीचा तळही आधीच्या तळापेक्षा वर, असं चाललं असेल तर तो बुलिश कल. आलेखावर कुणालाही दिसतो. दुसरा अर्थ न झालेल्या गोष्टीचा: ‘आमचा व्ह्यू बुलिश आहे.’ हे मत आहे. ते सांगणाऱ्याने पैसे लावलेलेही असू शकतात.

शिवाय मुदत. एकाच सकाळी एक जण ‘आज बेअरिश’ म्हणतो आणि दुसरा ‘वर्षभरासाठी बुलिश’, आणि दोघंही बरोबर असू शकतात. रात्री साडेअकराला एमसीएक्स बंद होण्याआधी सौदा मोडणाऱ्यासाठी पहिलं वाक्य आहे. पुढच्या मार्गशीर्षातल्या लग्नासाठी सोनं जमवणाऱ्या घराला त्याचा काही उपयोग नाही. मुदत दिलेली नसेल तर मी ते वाक्य सोडून देतो.

मताबरोबर अजून एक आकडा शोधा: कुठल्या भावाला हे मत चुकलं असं सांगणारा मान्य करणार? वरच्या वाक्यात तो १,९८० आहे. त्यामुळे ते वाक्य किचकट असलं तरी प्रामाणिक आहे. नुसतं ‘सोनं बुलिश’ हे तसं नाही.

कन्सॉलिडेशन: दोन आकड्यांमधला मुक्काम

भाव वर जाऊन एका पातळीला अडतो, खाली येऊन एका पातळीला सावरतो आणि या दोन पातळ्यांत फिरत राहतो. हे कन्सॉलिडेशन. वरच्या अडथळ्याला रेझिस्टन्स म्हणतात, खालच्या आधाराला सपोर्ट. मोठी चाल झाल्यावर जुने खरेदीदार नफा काढून घेतात, नवे खरेदीदार भाव उतरण्याची वाट बघतात, म्हणून असा मुक्काम पडतो. तो काही दिवसांचा असू शकतो, काही वर्षांचाही.

वर्षांचा मुक्काम २०२० ते २०२४ मध्ये बघायला मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये, करोनाच्या काळात, सोनं औंसाला सुमारे २,०७५ डॉलरवर पोचलं आणि परत फिरलं. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर ते जवळपास त्याच ठिकाणी गेलं आणि पुन्हा फिरलं. मे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बँका अडचणीत असताना तिसऱ्यांदा तेच. तीन वेगळी कारणं, पण छत एकच. म्हणून बातम्यांत २,०७५-२,०८० हा आकडा सारखा यायचा. त्यात जादू नव्हती; तिथे पोचलं की विकायचं असं ठरवून बसलेले लोक पुष्कळ होते.

खालची बाजू तितकी नेटकी नव्हती. २०२१ मध्ये १,६८० च्या आसपास आधार मिळाला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तो तुटला आणि भाव १,६१५ पर्यंत उतरला. यालाच ब्रेकडाउन म्हणतात, आणि त्या आठवड्यांत बेअरिश हा शब्द सगळीकडे होता. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत भाव परत १,७५० च्या वर. पातळी म्हणजे भिंत नव्हे, पट्टा असतो. पाच-दहा डॉलर इकडेतिकडे झाल्याने काही सिद्ध होत नाही.

ब्रेकआउट: ओलांडणं नाही, ओलांडून टिकणं

ब्रेकआउट म्हणजे भाव वरचा अडथळा ओलांडून बाहेर पडणं. पण ओलांडलं हे कधी मानायचं, यावर बातमी घाई करते. ४ डिसेंबर २०२३ चा सोमवार बघा. आशियातला व्यवहार नुकता सुरू झाला होता, लंडन आणि न्यूयॉर्क बंद, घेणारे-विकणारे थोडे. भाव झटक्यात २,१३५ डॉलरवर गेला. सार्वकालिक विक्रम, जुन्या छताच्या तब्बल साठ डॉलर वर. मुंबईत लोक चहा घेत बातमी वाचेपर्यंत तो उतरणीला लागला होता आणि त्या दिवसाचा व्यवहार संपताना २,०३० च्या आसपास होता. याला फॉल्स ब्रेकआउट म्हणतात, म्हणजे फसवी झेप.

आता मार्च २०२४. शुक्रवारी, १ तारखेला, भाव २,०८० च्या किंचित वर बंद झाला. आठवड्याचा शेवटचा भाव छताच्या वर होता. सोमवारी तो पहिल्यांदाच २,१०० च्या वर बंद झाला, मंगळवारी नवा उच्चांक. त्यानंतर काही आठवडे तो २,१५० ते २,२०० मध्ये रेंगाळला, पण जुन्या छताखाली परत आला नाही. १२ एप्रिलला २,४३० गाठलं.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की तपासायचं काय ते दिसतं. दिवसभरातला उच्चांक बघू नका, बंद भाव बघा. न्यूयॉर्कचा दिवस आपल्याकडे मध्यरात्रीनंतर संपतो, म्हणून खरी बातमी दुसऱ्या सकाळची. एक दिवस पुरत नाही, आठवड्याचा बंद भाव जास्त भरवशाचा. आणि मागे येताना जुनं छत आता आधार देतं का ते बघा. एवढं करूनही फसगत होते. शिवाय खात्री होईपर्यंत थांबलं की भाव बराच पुढे गेलेला असतो, ही त्या थांबण्याची किंमत.

मागे कारण होतं का, हेही विचारावं. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत जगातल्या मध्यवर्ती बँकांनी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं होतं, आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतले व्याजदर उतरण्याची अपेक्षा होती. सोन्यावर व्याज मिळत नाही, त्यामुळे दर उतरले की ते बाळगणं कमी महाग पडतं. आलेख हे सांगत नाही.

मग ते रुपयांत तपासा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि आपल्यासाठी तीच सगळ्यात मोठी आहे. एमसीएक्सवर ऑगस्ट २०२० चा उच्चांक ५६ हजारांच्या थोडा वर होता. तो जानेवारी २०२३ मध्येच ओलांडला गेला. त्या वेळी डॉलरमधलं सोनं १,९०० च्या आसपास होतं, स्वतःच्या शिखराच्या दीडशेहून जास्त डॉलर खाली. परदेशी विश्लेषक कन्सॉलिडेशन म्हणत होते आणि दादरच्या पेढीत विक्रमी भाव लागला होता. मधल्या काळात डॉलर ७५ वरून ८१-८२ रुपयांवर गेला होता आणि जुलै २०२२ मध्ये आयात शुल्क १५ टक्क्यांवर आलं होतं. हा ब्रेकआउट सोन्यापेक्षा रुपयाचा आणि शुल्काचा होता.

उलटंही घडतं. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून सहा टक्के झालं आणि इथला भाव त्याच दिवशी काही हजारांनी कोसळला. जागतिक भावात तसं काही घडलं नव्हतं. रुपयाच्या आलेखावर ती घसरण जबर बेअरिश दिसते, पण तिच्यावरून सोन्याच्या कलाबद्दल काहीच अनुमान निघत नाही.

उरलेला एक शब्द: करेक्शन

चढत्या कलात आलेली घसरण, कल न मोडता, म्हणजे करेक्शन. एप्रिल २०२४ च्या शिखरानंतर भाव महिनाअखेरीस २,२९० च्या आसपास उतरला, साधारण सहा टक्के. मथळ्यांत ‘सोनं गडगडलं’ आलं. पण आधीच्या मोठ्या मुक्कामाचं छत २,०८० ला होतं आणि भाव त्याच्या दोनशे डॉलर वर होता. शिखरापासून किती पडलं एवढंच मथळा सांगतो. कुठला आधार अजून शाबूत आहे ते आपण बघायचं. तो तुटून भाव खाली टिकला, तर करेक्शन हा शब्द तिथे लागू राहत नाही.