हेडफोनचा एक कान बंद पडल्यास किंवा आवाज पोकळ आल्यास: आधी अडॅप्टर तपासा

मोठ्या हेडफोनच्या ३.५ मिलिमीटर पिनेवर आट्यांनी बसवलेला पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा अडॅप्टर वापरताना हळूहळू सैल होतो, कारण जॅकमधून पिन काढताना आपण ती नकळत फिरवतो. पिनेवर काळ्या पट्ट्यांनी वेगळे केलेले तीन भाग असतात: टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे आणि मागचा दांडा दोघांचा सामाईक. कड्याचा स्पर्श सुटला तर उजवा कान बंद पडतो. दांड्याचा सुटला तर मात्र दोन्ही कान एकामागोमाग जोडले जाऊन केवळ डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो, त्यामुळे मध्यभागी असलेला गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि मागे पोकळ घुमारा उरतो.

प्रथम आवाज कमी करून पिन जॅकमध्ये शेवटपर्यंत दाबावी. अडॅप्टरची कड आणि जॅक यांत दोन-तीन मिलिमीटरची फट दिसत असेल, तर दोष बहुधा तेथेच असतो. त्यानंतर अडॅप्टर काढून उघडी पिन फोनला किंवा लॅपटॉपला लावावी आणि ज्यात गायन मधोमध आहे असे ओळखीचे गाणे ऐकावे. दोन्ही कान नीट वाजले, तर हेडफोन निर्दोष आहे. आता संशय अडॅप्टरवर किंवा मोठ्या जॅकवर.

पिन स्पिरिटने किंचित ओल्या केलेल्या कापडाने पुसून, वाळल्यावर अडॅप्टर बोटांनीच घट्ट फिरवावा. पक्कड वापरल्यास आटे खराब होतात. तो फिरतच राहतो व कुठे आवळत नाही, असे झाले तर आटे झिजले आहेत. आटे शाबूत असूनही आतली स्प्रिंगची पाती ढिली पडलेली असू शकतात, आणि ती बाहेरून दिसत नाहीत.

माझ्या ८० ओहमच्या हेडफोनबाबत हा गोंधळ मल्टीमीटरने मिटला. हेडफोन कानावरून उतरवून अडॅप्टरसह मोजले, तेव्हा टोक ते कडे सुमारे १६० ओहम आले, पण टोक ते दांडा काहीच आले नाही. अडॅप्टर काढल्यावर टोक ते दांडा ८०च्या जवळपास आले. म्हणजे दोन्ही कान ठीक होते आणि सामाईक जोड अडॅप्टरच्या आत तुटला होता.

असा अडॅप्टर दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे स्वस्त पडते. मात्र सर्व हेडफोनचे आटे सारखे नसल्यामुळे दुकानात आपला हेडफोन सोबत नेऊन नवा अडॅप्टर फिरवून पाहावा. न जुळल्यास बिनआट्यांचा, नुसता दाबून बसणारा चालतो. नव्या अडॅप्टरनेही एकच कान वाजत असेल, तर जॅक मोनो नाही ना, ते यंत्रावर पाहावे.