भाड्यावरचा टीडीएस: भाडेकरूला काय सांगितलं

सांगलीत विश्रामबागला बंगला एका नोकरदार कुटुंबाला दिलाय, भाडं महिना 60,000. मार्च 2025 मध्ये भाडेकरू म्हणाले, "काका, टीडीएस तर कंपन्या कापतात ना?" मी सांगितलं, महिन्याचं भाडं 50,000 च्या वर गेलं की साध्या माणसालाही भाडं देताना हा कर कापून सरकारकडे भरावा लागतो, कंपन्यांना कर कापायला लागतो तो टॅन नंबर मात्र लागत नाही. आधी विचारलं, "तुमच्या एखाद्या धंद्याच्या हिशोबाचं ऑडिट होतं का?" होत असेल तर नियम वेगळे. नव्हतं.

एप्रिल 2024 पासूनचं वर्षाचं भाडं 7,20,000, त्याचे 2 टक्के 14,400. ते मार्चच्या भाड्यातूनच वळते करून मला 45,600 दिले. माझा पॅन दिला, त्यांचा घेतला. माझा नसता तर कपात 20 टक्क्यांनी झाली असती. भाड्यावरच्या टीडीएसचा फॉर्म 26QC त्यांना 30 एप्रिलच्या आत भरायला लावला, पोचपावती मागून घेतली. रक्कम माझ्या 26AS मध्ये, म्हणजे माझ्या नावे जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, दिसल्यावरच रिटर्न भरला.